न रांगलेली लेकरं



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं उभं आयुष्य अंगणवाडीत गेलं. त्यामुळे विषय काय घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. या व्यासपीठावरून शेती, सिंचन, संतसाहित्य अशा मोठ्या विषयांवर बोलून गेलेले वक्ते आहेत. मी आज फक्त एवढंच बोलणार आहे, की वर्षाच्या अलीकडे-पलीकडे असलेलं लेकरू जमिनीवरून पुढं कसं जातं, आणि ते रांगलंच नाही तर काही बिघडतं का.

मोताळा, नांदुरा, चिखली, मेहकर, लोणार, कुठल्याही तालुक्यातून आलेलं कुटुंब असो, दवाखान्यात हा प्रश्न बहुतेक वेळा आजी विचारते. “डॉक्टरसाहेब, वर्षाचं झालं न् रांगतच नाई. बसल्या बसल्याच सरकते.” आई गप्प असते, कारण घरी हा विषय आधीच तिच्यावर शेकलेला असतो. आणि हल्ली बाप मोबाइल पुढं करतो. त्यात कुणीतरी सांगत असतं, की रांगलं नाही तर मेंदूच्या दोन बाजू नीट जुळत नाहीत, पुढं वाचता येत नाही, गणित कच्चं राहतं. या दोन्ही भीतींचा आज हिशेब करू. त्यांच्यापेक्षा खरोखर महत्त्वाची एक तिसरी गोष्ट आहे. तिच्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

आधी रांगण्याचे प्रकार बघू, कारण रांगणं ही एकच गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. आपल्या घरोघरच्या देव्हाऱ्यात पितळेचा बाळकृष्ण असतो. लग्नात लेकीला अन्नपूर्णेबरोबर देतात तोच. त्याच्याकडे जरा निरखून बघा. एक गुडघा जमिनीला टेकलेला, दुसऱ्या पायाचं पाऊल टेकलेलं आणि तो गुडघा वर, एका हातावर भार आणि दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. हे पुस्तकातलं रांगणं नव्हे. पण अशी एक गुडघा, एक पाऊल रांगणारी लेकरं खरोखर असतात आणि त्यातली बहुतेक ठणठणीत असतात. मूर्तिकारानं कुठलंतरी खरं मूल पाहिलं असावं, असं मला नेहमी वाटतं.

याखेरीज काही लेकरं आधी पोटावर सरपटतात. कोपर टेकवून अंग ओढतात, पोट जमिनीवरच असतं. काही तळहात आणि तळपाय टेकवून, ढुंगण आभाळाकडे करून अस्वलासारखी चालतात. काही लोळत लोळत खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला जातात. काही उलटी जातात आणि हवं ते खेळणं लांब जाताना बघून रडतात. हातांचा जोर पायांच्या आधी येतो, म्हणून हे उलटं जाणं होतं. आणि काही बसूनच सरकतात.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ मध्ये २८ बाळांचा एक बारकाईचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास निम्मी बाळं आधी पोटावर सरपटली, बाकीची थेट हातागुडघ्यांवर आली. सरपटलेली बाळं पुढं गुडघ्यांवर आली तेव्हा सुरुवातीपासूनच जास्त सफाईनं रांगत होती. पण न सरपटलेली गुडघ्यांवर यायला उशीर करत नव्हती. म्हणजे एक पायरी गाळल्यानं पुढची पायरी अडली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला ती पुढं लागणार आहे.

आता, किती मुलं रांगतच नाहीत? जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांचं निरीक्षण केलं. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. प्रशिक्षित निरीक्षक चौथ्या महिन्यापासून घरी जात आणि मूल काय करतं ते बघत. रांगणं कशाला म्हणायचं हेही त्यांनी ठरवून घेतलं होतं: पोट जमिनीला लागता कामा नये आणि हातागुडघ्यांच्या सलग किमान तीन हालचाली व्हायला हव्यात. २००६ मध्ये निकाल छापून आले. निरोगी मुलं रांगायला लागण्याचा काळ निघाला सव्वापाच महिने ते साडेतेरा महिने. केवढा मोठा पल्ला! आणि शेकडा ४.३ मुलं हातागुडघ्यांवर कधीच रांगली नाहीत. हा अभ्यास मुद्दाम निरोगी, नीट खातीपिती मुलं निवडून केलेला होता हे विसरू नका. ही न रांगलेली मुलंही त्यातलीच होती.

त्याआधी इंग्लंडमध्ये पीटर रॉबसन या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं हेच मोजलं होतं. १९८४ च्या त्यांच्या लेखात सर्वसाधारण मुलांपैकी शेकडा ८३ रांगणारी, सुमारे ९ बसून सरकणारी आणि ७ काहीही न करता थेट उभी राहून चालणारी निघाली. आकडे देशागणिक बदलतील, पण बसून सरकणारं मूल ही दुर्मीळ वस्तू नाही. बुलढाणा जिल्ह्यात कुणी असं मोजल्याचं माझ्या वाचनात नाही, पण दवाखान्यात बसणाऱ्या कुणालाही ही मुलं नवी नाहीत.

आपल्याकडची एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याच माणसांनी केलेल्या कामातून आली आहे. बडोद्याच्या विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या वाढीचं मोजमाप केलं. परदेशी मोजपट्ट्या आपल्या मुलांना लावून बघितल्या आणि आपली वयं काढली. त्यांना ‘बडोदा नॉर्म्स’ म्हणतात. त्यांचीच सुधारित मोजणी पुढं पुण्यातून छापली गेली आणि आजही देशभर वापरली जाते. याच बडोद्याच्या वयांवरून तिरुवनंतपुरमला डॉ. एम. के. सी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांखालच्या मुलांसाठी एक सोपा तक्ता केला. त्यात फक्त १७ गोष्टी आहेत. मान धरणं, कुशीवर वळून पालथं होणं, स्वतः उठून बसणं, धरून उभं राहणं, चिमटीत बारीक वस्तू उचलणं, आधारानं चालणं, एकटं चालणं, दोन शब्द बोलणं, अशा. या १७ गोष्टींत रांगणं नाही. अमेरिकेतल्या जुन्या डेन्व्हर चाचणीतही ते नव्हतं. आणि २०२२ मध्ये अमेरिकी आरोग्य खात्यानं पालकांसाठीच्या यादीतूनही रांगणं काढून टाकलं, तेव्हा तिकडे मोठा गदारोळ झाला. आपल्याकडे ते मुळात त्या तक्त्यात नव्हतंच, हे फारसं कुणाला ठाऊक नाही.

का नाही? चाचणीत घालायची गोष्ट अशी हवी, की निरोगी मूल ती एका ठराविक वयापर्यंत करतंच. रांगणं तसं नाही. काही निरोगी मुलं ते करतच नाहीत, आणि काही आजारी मुलंही रांगतात. ज्याच्यावरून निरोगी आणि आजारी वेगळे पडत नाहीत, ते विचारून उपयोग काय?

मग काही मुलं का रांगत नाहीत? एक कारण साधं आहे: पालथं पडायला न मिळणं. पाश्चात्त्य देशांत १९९०च्या दशकात बाळांना उताणं झोपवायची मोहीम निघाली, कारण पालथं झोपलेल्या बाळांचे झोपेत अचानक मृत्यू होत होते. ती मोहीम योग्यच होती आणि आजही बाळाला उताणंच झोपवायचं. पण उताणी झोपणारी बाळं पालथी झोपणाऱ्यांपेक्षा थोडी उशिरा रांगू लागली. चालायच्या वयात मात्र फरक पडला नाही. हा अमेरिकेतला १९९८ चा अभ्यास आहे.

पापुआ न्यू गिनीत आऊ नावाचे लोक आहेत. डेव्हिड ट्रेसर या मानववंशशास्त्रज्ञानं त्यांच्याकडे राहून पाहिलं, तर तिथली बाळं जवळजवळ रांगतच नाहीत. आया त्यांना दिवसभर अंगाशी बांधून फिरतात, खाली ठेवलं तर बसतं ठेवतात. ती मुलं काही काळ बसून सरकतात आणि मग चालतात. खाली माती, जनावरं, जंत, हगवण. तिथं बाळाला जमिनीवर न सोडणं हा शहाणपणा आहे.

आपल्याकडचं चित्र या दोहोंच्या मध्ये आहे. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत, कापूस वेचणीच्या दिवसांत बाळ बांधावर झोळीत असतं, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात तर जमिनीवर सोडायला जमीनच नसते. घरी असलं तरी “खाली गार आहे, सर्दी होईल” म्हणून मांडीवर किंवा पलंगावर. त्यातून न रांगणारी लेकरं होतात आणि पुढं बिनतक्रार चालतात. याला आजार म्हणायचं कारण नाही.

बसून सरकणाऱ्यांचं प्रकरण मात्र जरा वेगळं आहे आणि त्यावर मी थोडा वेळ घेणार आहे.

हे मूल साधारण कसं असतं सांगतो. बसायला शिकतं वेळेवर किंवा थोडं उशिरा. पालथं टाकलेलं त्याला अजिबात खपत नाही. मान वर करतं, चेहरा लालबुंद करून रडतं आणि उताणं होतं. बसवलं की खूश. मग आठ-दहा महिन्यांच्या सुमारास एक दिवस घरच्यांना दिसतं, की ज्या जागी बसवलं होतं त्या जागी ते नाही. एक पाय दुमडून ढुंगणाखाली, दुसरा पुढं, एक हात बाजूला टेकवून ढकलायचं आणि पुढच्या टाचेनं ओढायचं. काही दोन्ही हात मागं टेकतात. काही नुसत्या उड्या मारत जातात. शेणानं सारवलेल्या जमिनीपेक्षा फरशीवर हे भन्नाट जमतं, आणि अशा लेकराच्या चड्ड्या मागून झिजलेल्या असतात.

अशा मुलाला बगलेत धरून उभं करायला गेलं, तर ते पाय जमिनीला लावतच नाही. दोन्ही मांड्या वर उचलतं, गुडघे सरळ ठेवतं आणि हवेत खुर्चीवर बसल्यासारखं लटकतं. आजी ते बघून म्हणते, “पायात जीवच नाही.” जीव असतो. फक्त ते उभं राहायला तयार नसतं.

यातल्या बऱ्याच मुलांच्या अंगाला जन्मतः थोडा सैलपणा असतो. सांधे मऊ असतात. आणि कित्येकदा हे घराण्यात असतं. म्हणून मी आईवडिलांना विचारत नाही, आजीला विचारतो: “आजी, याचा बाप कसा सरकायचा?” आजी क्षणभर थांबते आणि मग हसते. तिनं कधी विचारच केलेला नसतो, की बापही असाच ढुंगण घासत फिरायचा आणि पावणेदोन वर्षांचा होईतो चालला नव्हता. आत्या, मामा, चुलतभाऊ, कुणीतरी निघतंच.

ही मुलं चालतात उशिरा. हे आधी सांगून ठेवलं, तर घरातला पुढचा सहा महिन्यांचा ताप वाचतो. रॉबसन यांच्या मोजणीत रांगणाऱ्यांपैकी जवळपास सगळी साडेअठरा महिन्यांपर्यंत चालू लागली होती, तर सरकणाऱ्यांपैकी जवळपास सगळी चालू लागायला सव्वादोन वर्षं उजाडली. याचं कारणही सरळ आहे. रांगणारं मूल गुडघ्यांवरून खाटेला धरून उभं राहतं, ती त्याची सोपी वाट असते. सरकणाऱ्याला बसल्या जागेवरून थेट उभं व्हायचं असतं. शिवाय त्याचे दोन्ही हात सरकताना बऱ्यापैकी मोकळे असतात, खेळणं घेऊन फिरता येतं, मग उठायची घाई कशाला करील?

आता एक प्रत्यक्ष तपासणी सांगतो. हे एकच लेकरू नव्हे. अनेकांचं मिळून केलेलं आहे, त्यामुळे कुणाचं ओळखू येणार नाही. मुलगा सोळा महिन्यांचा, दिवस भरून जन्मलेला, लगेच रडलेला. मुदतपूर्व जन्माला आला असता, तर तेवढे आठवडे वयातून वजा करून मोजलं असतं. साडेआठ महिन्यांचा असताना बसला. आता बसून सरकतो. उभं केलं की पाय वर घेतो. “मामा”, “पाणी” बोलतो, टाटा करतो, बोटानं दाखवतो.

पहिली दहा मिनिटं मी त्याला हात लावत नाही. खाली चटईवर बसवतो आणि लांब एक डबा ठेवतो. तो एका हातानं ढकलत येतो. डाव्या हातानंच. इथं आई घाबरते, कारण एका हातानं काम करणं वाईट असतं असं तिनं ऐकलंय. पण सरकताना बहुतेक मुलं एक हात, एक पाय जास्त वापरतातच. मी बघतो ते पुढचं. डब्यापाशी पोचल्यावर तो उजव्या हातानं झाकण उघडतो का? मुठी उघड्या आहेत का? मुरमुऱ्याचा दाणा दोन्ही हातांनी चिमटीत उचलतो का? उचलतो. मग मी त्याला पोटाशी धरून अचानक पुढं झुकवतो, जणू खाली पडतोय असं. दोन्ही हात एकदम पुढं यायला हवेत, बोटं पसरून. आले. एक हात मागं राहिला असता, तर माझी पुढची सगळी दिशा बदलली असती.

मग हात लावून तपासणी. बगलेत धरलं तर निसटून जात नाही, खांद्यांत जोर आहे. पाय हवेत बसल्यासारखे धरतो, पण कात्रीसारखे एकमेकांवर जात नाहीत. घोट्यातून पाऊल वर वाकवलं तर सहज वाकतं. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो. मांड्या बाजूला फाकवल्या तर दोन्ही सारख्या फाकतात, म्हणजे खुब्याचा सांधा निखळलेला दिसत नाही. मनगटं जाड नाहीत. डोक्याचा घेर वयाला साजेसा. शेवटी आजीला तो प्रश्न, आणि आजीचं उत्तर.

याला मी कुठलीही चाचणी सांगितली नाही. दोन महिन्यांनी या म्हटलं. अठराव्या महिन्याला आला तेव्हा कमरेएवढ्या कट्ट्याला टेकून थोडा वेळ उभा राहत होता. एवढं पुढं सरकलेलं पुरेसं असतं. तरीही त्या वेळी मी रक्ताची एक तपासणी केली, क्रिएटिन कायनेजची. मुलगा असेल आणि अठरा महिन्यांत एकटा चालत नसेल, तर ती करायची. ड्यूशेन नावाचा स्नायू झिजवणारा आजार मुलग्यांत येतो, सुरुवातीला फक्त उशिरा चालतं एवढंच दिसतं. त्या आजारात हा आकडा हजारांत जातो. याचा नेहमीसारखा निघाला. बाविसाव्या महिन्यात पठ्ठ्या चालू लागला आणि मग कुणी सरकण्याचं नाव काढलं नाही.

आता ज्या तिसऱ्या गोष्टीचा मी सुरुवातीला उल्लेख केला, तिच्याकडे वळतो. तेच सरकणं, तेच न रांगणं, पण मूल वेगळं.

तेरा महिन्यांची मुलगी. घरचे म्हणतात, “डावखुरी हाये.” सरकते झक्क. खेळणं डाव्या हातात दिलं की घेते, उजव्या हाताजवळ नेलं की डावा हात पार अंगावरून पलीकडे येतो. उजवी मूठ बहुधा मिटलेली, अंगठा आत. दीड वर्षाच्या आत मूल इतकं ठामपणे डावखुरं किंवा उजवं नसतं. ते एका हाताला पसंती देत नसतं, दुसऱ्याला वगळत असतं. पुढं झुकवलं तर एकच हात येतो. ही सेरेब्रल पाल्सी असू शकते, शरीराच्या एका बाजूची. आणि तिच्या घरच्यांची तक्रार फक्त “रांगत नाही” एवढीच होती. रांगत नाही म्हणून आली, हे बरंच झालं. पण रांगत असती, तर तिला कुणी आणलं असतं का?

अशी आणखी काही लक्षणं आहेत, त्यावर फार रेंगाळत नाही. पोटावर सरपटताना दोन्ही पाय काठ्यांसारखे ताठ मागं ओढले जातात आणि उभं करताना टाचा टेकत नाहीत, तर लगेच दाखवा. नऊ-दहा महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, तर सरकण्याची वाट बघूच नका. मूल इतकं मऊ की बगलेतून निसटतं, रडणं क्षीण, दूध ओढताना थकतं, तर त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे.

आपल्या भागातली एक गोष्ट मात्र खास सांगायला हवी. आई पूर्ण शाकाहारी, माळकरी घर, दूधदुभतंही बेताचं, आणि मूल वर्षभर जवळजवळ आईच्याच दुधावर. असं मूल सहा-सात महिन्यांचं होईतो गुटगुटीत असतं. मग हसेनासं होतं, बसायचं ते कलंडू लागतं. रंग फिकट, केस विरळ आणि तांबूस, बोटांच्या पेरांवर काळसरपणा. काही दिवसांत हातपाय थरथरायला लागतात. ही बी-१२ ची कमतरता. आईत ती असते म्हणून दुधात आणि मुलात येते. वेळेवर ओळखली तर इंजेक्शनं आणि नीट खाणं यांनी मूल हसायला लागलेलं काही दिवसांत दिसतं. उशीर झाला तर विकासात कमी राहू शकते. इथं ओळखण्याची खूण एकच आहे: जे येत होतं ते गेलं. रांगत नव्हतं हा प्रश्न वेगळा, आणि बसत होतं ते बसेना झालं हा वेगळा. दुसरा केव्हाही ऐकला, की थांबायचं नाही. याला “नजर लागली” म्हणून महिना घालवलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. त्याबद्दल बोललो तर माझा स्वर चढेल, म्हणून पुढं जातो.

आता मोबाइलवाल्या बापाचा प्रश्न. रांगलं नाही तर वाचता येत नाही, हे कुठून आलं? अमेरिकेत फिलाडेल्फियात ग्लेन डोमन आणि कार्ल डेलाकाटो यांनी गेल्या शतकाच्या मध्यात एक मत मांडलं, की मेंदूची वाढ ठराविक पायऱ्यांनीच होते, रांगण्याची पायरी चुकली तर पुढं वाचनाच्या अडचणी येतात. उपाय काय, तर मुलाला, प्रसंगी मोठ्यालाही, पुन्हा जमिनीवर आणून रांगायला लावायचं, हातपाय धरून तशा हालचाली करवायच्या, दिवसातून अनेकदा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९६८, १९८२ आणि पुन्हा १९९९ मध्ये सांगितलं, की याला पुरावा नाही. तरी ते मत मरत नाही. नव्या नावानं, नव्या फीनं, आपल्या शहरांतही येतं. दर वर्षी कुठंतरी एखादं कुटुंब पाच वर्षांच्या, वाचायला अडखळणाऱ्या मुलाला घरात रांगवत असतं, आणि त्या मुलाचा चष्म्याचा नंबर तपासलेला नसतो.

“पण साहेब, रांगल्यानं काहीतरी फायदा तर होत असेल?” होतो. मूल स्वतः हलू लागलं, की त्याला अंतर कळू लागतं, उंचीची भीती येते, लपवलेली वस्तू शोधता येते. पण संशोधनात हे स्वतः हलण्याच्या अनुभवाशी जोडलेलं दिसतं. बसून सरकणारं मूलही स्वतःच हलत असतं. त्याहून गमतीची गोष्ट अडॉल्फ बाईंनी उतारावर पाहिली. रांगणारी बाळं आठवड्यामागून आठवडे शिकत गेली, की कुठला उतार आपल्याला झेपेल आणि कुठला नाही. मग तीच बाळं चालू लागली आणि त्याच उतारांवरून बिनधास्त खाली निघाली. रांगण्यातलं शिकणं चालण्यात आलंच नाही, सगळं पुन्हा शिकावं लागलं. रांगण्यातला धडा एवढा कोवळा, की चालायला लागताच पुसला जातो. तो सातव्या वर्षी वाचनाला पुरेल ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

तेव्हा न रांगणाऱ्याला जबरदस्तीनं गुडघ्यांवर बसवू नका. बसून सरकणाऱ्याला पालथं पाडून रडवण्यापेक्षा त्याच्या छातीएवढ्या उंचीचा कट्टा, पाट, पेटी यांवर त्याचं आवडतं खेळणं ठेवा. आपल्या मांडीवर घोड्यासारखं बसवून त्याची पावलं जमिनीला टेकू द्या, पायांवर थोडा थोडा भार येऊ द्या. दोन-चार महिन्यांच्या बाळाला जागं असताना, आपण समोर बसून, दिवसातून काही वेळा थोडा थोडा वेळ पालथं ठेवा. पोट भरल्यावर लगेच नको. एवढंच करायचं आहे, याला वेगळा व्यायाम म्हणायची गरज नाही.

आणि एक वस्तू घरात आणू नका: ज्यात मूल बसतं आणि खाली चाकं असतात, तो वॉकर. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल उभं राहून ढकलतं, त्यात बसत नाही. चाकाच्या वॉकरवर कॅनडानं २००४ मध्ये बंदी घातली, मुख्यतः जिन्यावरून पडणाऱ्या मुलांमुळे. आयर्लंडमधल्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की वॉकरमध्ये घालवलेल्या दर २४ तासांमागं मूल एकटं चालायला सुमारे तीन दिवस उशीर करतं. बसून सरकणाऱ्या मुलाचे घरचेच हा वॉकर सगळ्यांत आधी घेतात. बारशाच्या आहेरातसुद्धा येतो. आला तर परत देता येत नाही, पण माळ्यावर टाकता येतो.

शेवटी कुणाकडे जायचं ते सांगतो. आशाताई आता तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला घरी येतात. त्यांना “रांगतं का” हे विचारू द्या, पण तुम्ही आपणहून दोन गोष्टी सांगा: दोन्ही हात सारखे चालतात का, आणि जे येत होतं ते गेलं का. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्या दिवशी मूल शेतात नेऊ नका, अंगणवाडीत असू द्या. पथकाला शंका आली, तर ते जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथं फिजिओथेरपी, बोलण्याची आणि ऐकण्याची तपासणी एका छताखाली व्हावी अशी योजना आहे. चिठ्ठी मिळाली तर ती घडी करून देव्हाऱ्यात ठेवू नका.

जाताना मोबाइल घेऊन जा आणि त्यात दोन छोटे व्हिडिओ असू द्या. एक मूल जमिनीवर फिरतं तेव्हाचा, पुढून आणि मागून. दुसरा ते दोन्ही हातांनी खातं तेव्हाचा. अनोळखी खोलीत मूल नुसतं आईला बिलगतं, काहीच करून दाखवत नाही. घरच्या ओट्यावर काढलेल्या अर्ध्या मिनिटात आम्हाला तासाभराच्या तपासणीएवढं दिसतं. बापाच्या मोबाइलचा हा उपयोग मला सगळ्यांत आवडतो. ज्यांच्या घरी आत्ता असं लेकरू आहे, त्यांनी व्याख्यानानंतर जरा थांबावं, मी खालीच आहे.